वाक्कृती : नवस, आशीर्वाद, शाप आणि नागपूरच्या बावीस प्रतिज्ञा

काही वाक्ये घटनेचे वर्णन करत नाहीत, ती उच्चारणे हीच घटना असते. जे. एल. ऑस्टिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1955 च्या हार्वर्ड व्याख्यानांत हा विचार मांडला. अशी वाक्ये खरी-खोटी नसतात. ती साधतात किंवा फसतात. आशीर्वाद आणि शाप बोलणाऱ्याच्या अधिकारावर उभे असतात, तर नवस व प्रतिज्ञा बोलणाऱ्यालाच बांधतात.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण व पंचशील घेतले आणि नंतर लाखोंच्या जमावाला स्वतः दीक्षा देऊन बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. त्यांतले ‘मानणार नाही’ हे भविष्यकथन नव्हे, ते स्वतःला घातलेले बंधन आहे. आपला नवा जन्म होत आहे, ही प्रतिज्ञा वर्णनासारखी दिसते. पण तो जन्म त्या उच्चारानेच घडतो.

ऑस्टिनच्या मते अधिकार नसलेल्याने विधी केला तर कृती घडतच नाही. प्रतिज्ञा पुढे मोडली तर ती घडलेली असते, पण पोकळ ठरते. भिक्षू नसलेल्या बाबासाहेबांचा अधिकार परंपरेतून आला नव्हता. तो त्यांच्यामागे शब्द उच्चारणाऱ्या समुदायाने दिला, आणि माझ्या मते इथे ऑस्टिनची चौकट अपुरी पडते. कायद्यात मात्र या उच्चाराची किंमत मोजावी लागली: धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा 1990 मध्येच मिळाला.