सुप्त क्षय आणि प्रकट क्षय : कोकणच्या चाकरमान्याच्या निमित्ताने

रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील लोटे हे गाव मुंबई-गोवा रस्त्यावर, परशुरामाच्या घाटाच्या उत्तरेस वसलेले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्या भागातील कर्त्या पुरुषांचा ओघ दाभोळच्या खाडीतून बोटीने मुंबईकडे वाहत असे. गिरणगावात गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोल्यांतून हे चाकरमानी राहत. पाळी बदलली की एकाच पथारीवर दुसरा मनुष्य निजावयास येई. ह्यांपैकी काही जण पुढे खोकत, रोड होऊन गावी परतत आणि काही महिन्यांत घराच्या पडवीत त्यांचा अंत होई. गावाने त्यावरून एक अनुमान बांधले : क्षय हा मुंबईचा रोग, तो तेथे लागतो आणि बोटीने घरी येतो.

हे अनुमान केवळ अडाणीपणाचे होते असे म्हणता येणार नाही. भारतातील क्षयाची देशभर पाहणी करून आर्थर लँकेस्टर ह्यांनी १९२० साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही शहरांतून खेड्यांकडे जाणाऱ्या ह्या प्रवासाकडे लक्ष वेधले होते. तथापि त्या अनुमानात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ती म्हणजे मनुष्य जेथे आजारी पडला तेथेच त्याला जंतूचा संसर्ग झाला. क्षयाच्या बाबतीत नेमके हेच गृहीतक टिकत नाही. आणि ते का टिकत नाही, हे कळावयास वैद्यकाला पाव शतक लागले.

रॉबर्ट कॉख ह्यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाचा जंतू दाखविला. तेव्हा साहजिकच असे वाटले की ज्याच्या शरीरात जंतू आहे तो रोगी, आणि ज्याच्यात नाही तो निरोगी. १८९० साली कॉख ह्यांनी त्याच जंतूंपासून काढलेला ट्युबरक्युलिन नावाचा अर्क रोगावरील उपाय म्हणून पुढे आणला. उपाय म्हणून तो सपशेल फसला. परंतु ज्यांना क्षय होता त्यांच्या शरीरात तो अर्क टोचताच ताप व सूज येते, असे ध्यानात आले. १९०७ साली व्हिएन्नात क्लेमेन्स फोन पिर्के ह्यांनी मुलांच्या कातडीवर त्याचा प्रयोग केला, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट आढळली. आजाराचे कोणतेही लक्षण नसलेल्या मुलांतही गाठ उठत होती आणि वयाबरोबर अशा मुलांचे प्रमाण वाढत होते. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये शार्ल मांतू ह्यांनी हाच अर्क मोजून कातडीच्या आत टोचण्याची पद्धत घातली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मग जंतू शरीरात शिरूनही ही मुले धडधाकट कशी, ह्या प्रश्नातून ‘सुप्त क्षय’ ही कल्पना दृढ झाली.

शरीरात जे घडते ते असे. जंतू श्वासावाटे फुप्फुसात पोचतो आणि तेथील भक्षक पेशी त्याला गिळतात, पण मारू शकत नाहीत. काही आठवड्यांत शरीराची संरक्षक शक्ती जागी होते, त्या पेशींभोवती इतर पेशींचे कडे पडते आणि सूक्ष्म गाठ बनते. गाठीच्या आत मूठभर जंतू जिवंत पण जवळजवळ स्तब्ध राहतात. अशा मनुष्यास खोकला नसतो, ताप नसतो आणि त्याच्यापासून दुसऱ्यास बाधाही होत नाही. दर शंभर संसर्गितांपैकी सामान्यतः पाच ते दहा जणांतच हे कडे आयुष्यात केव्हातरी फुटते, आणि त्यांतील बहुतेकांत पहिल्या दोन वर्षांत. कुपोषण, मधुमेह, एच.आय.व्ही., सिलिका-धूळ, दारू-तंबाखू ह्यांनी ते फुटण्याचा संभव वाढतो. कडे फुटले की जंतू झपाट्याने वाढतात, फुप्फुसात पोकळी पडते आणि खोकल्याबरोबर ते हवेत जातात. हा प्रकट रोग होय.

आता चाकरमान्याकडे वळावे. लहानपणी लोट्यातच एखाद्या खोकणाऱ्या आजोबांच्या मांडीवर त्याला संसर्ग झाला असेल. आणि पुढे अर्धपोटी राहून, रात्रपाळी करून विशीत त्याचे कडे फुटले असेल. किंवा खरोखरच गिरणगावच्या खोलीत जंतू त्याच्या छातीत शिरला असेल. रोग कोठे दिसला ह्यावरून तो कोठून आला हे ठरत नाही. १९५५ ते १९५८ ह्या काळात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशाच्या सहा विभागांत क्ष-किरण व थुंकी ह्यांच्या साहाय्याने क्षयाची पाहणी केली. थुंकीत जंतू सापडणाऱ्यांचे प्रमाण हजारी दोन ते आठ आढळले आणि शहर व खेडे ह्यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. क्षय हा शहराचा रोग ह्या समजुतीला बसलेला तो पहिला मोठा धक्का होता.

मात्र संसर्ग ओळखणारी परीक्षा आणि रोग ओळखणारी परीक्षा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत हाच ह्या इतिहासातील सर्वांत महाग पडलेला दोष आहे. मांतू परीक्षेत हाताच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी उठलेल्या कठीण गाठीचा आडवा व्यास मोजतात. भोवतीची लाली मोजावयाची नसते. सामान्यतः दहा मिलिमीटर वा अधिक गाठ आली म्हणजे शरीराला जंतूची ओळख आहे एवढेच ठरते. ही परीक्षा स्मरणाची आहे. जंतूचे दर्शन तीत होत नाही. भारतात तीत आणखी एक घोटाळा शिरला. १९५१ पासून देशभर बी.सी.जी. लस टोचण्याची मोहीम चालली, आणि ती लस क्षयजंतूच्याच एका सौम्य भावंडापासून बनते. साहजिकच लस घेतलेल्यांच्या हातावरही गाठ उठू शकते. ह्यावर तोड निघाली ती जंतूच्या दोन विशिष्ट प्रथिनांमुळे. लशीच्या जंतूने ती केव्हाच गमावलेली आहेत. त्यांवर आधारलेली एक रक्तपरीक्षा आहे. तीत रक्तातील पेशी ह्या प्रथिनांशी गाठ पडल्यावर इंटरफेरॉन सोडतात की नाही हे पाहतात. त्याच तत्त्वावरील ‘सी-टीबी’ ही कातडीवरची परीक्षा पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट तयार करते. तीत पाच मिलिमीटर गाठ पुरते. तथापि ह्या नव्या परीक्षांनीही सुप्त व प्रकट ह्यांचा निवाडा होत नाही. त्या केवळ लशीचे स्मरण वगळतात.

रोगाचा निवाडा जंतू प्रत्यक्ष सापडण्यावर होतो. थुंकीचा लेप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीत कॉख ह्यांच्या काळापासूनची आहे. तीत एक मिलिलिटर थुंकीत सुमारे दहा हजार जंतू असावे लागतात, म्हणजे रोग बराच पुढे गेलेला असावा लागतो. जंतूची कृत्रिम वाढ करणारी कल्चर परीक्षा अतिशय सूक्ष्म आहे, परंतु हा जंतू दुणावण्यास जवळजवळ एक दिवस घेतो. म्हणून उत्तरास आठवडे लागतात. अलीकडे जंतूचे जनुक ओळखणारी यंत्रे आली. त्यांपैकी ‘ट्रूनॅट’ हे कोकणाच्या शेजारी गोव्यातच तयार होते, आणि ते तासा-दोन तासांत जंतूबरोबरच रिफाम्पिसिनला दाद न देण्याचा त्याचा गुणही दाखविते. ह्याच्या उलट टोकास रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या परीक्षा होत्या. त्या देशातील खाजगी प्रयोगशाळांत सर्रास चालत आणि निरोग्यास रोगी व रोग्यास निरोगी ठरवीत. २०१२ साली भारत सरकारने त्यांवर बंदी घातली.

हे सर्व प्रत्यक्षात कसे जुळते ते एका कल्पित घरावरून पाहावे. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा चौतिशीचा एक गृहस्थ आहे. त्याचा खोकला महिनाभर चालला आहे आणि थुंकीत जंतू सापडला आहे. घरात पत्नी, सासष्ट वर्षांची आई, सतरा वर्षांचा धाकटा भाऊ आणि तीन वर्षांची मुलगी आहे. पत्नीला खोकला, ताप काही नाही. कातडीवरची परीक्षा होकारार्थी, छातीचे चित्र स्वच्छ. हा सुप्त संसर्ग होय. तिला प्रतिबंधक औषध द्यावयाचे. आईची परीक्षा नकारार्थी येते, आणि इथेच घाई केली तर चूक होते. तिचे वजन उतरत आहे, संध्याकाळी कणकण येते. चित्रात छाया दिसते आणि थुंकीत जंतू निघतो. वृद्ध व क्षीण शरीराला ती गाठ उठविण्याचेही बळ उरत नाही. प्रकट रोग असलेल्या साधारण चार-पाच रुग्णांत एखाद्याची परीक्षा अशी फसवी असते. मुलगी पाच वर्षांखालील आहे. तिला रोग नाही अशी खात्री करून, कातडीच्या परीक्षेसाठी न थांबता, औषध सुरू करतात, कारण लहान वयात रोग मेंदूपर्यंत पोचावयास वेळ लागत नाही.

खरा पेच भावाचा. त्याला खोकला नाही, भूक चांगली आहे, परीक्षा होकारार्थी. लक्षणे विचारूनच काम भागविले असते तर तोही वहिनीप्रमाणे ‘सुप्त’ ठरला असता. पण क्ष-किरणात उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याशी पुसट छाया आहे. थुंकी यंत्रात नकारार्थी येते. कल्चरमध्ये चौथ्या आठवड्यात जंतू वाढतो. ह्या चार आठवड्यांत त्याला आयसोनियाझिड एकटेच दिले असते तर काय झाले असते, हा प्रश्न शब्दांच्या काथ्याकुटाचा नव्हे. दर दहा लाख जंतूंमागे एखादा जंतू ह्या औषधाला जन्मतःच दाद देत नाही. सुप्त गाठीत जंतू इतके थोडे असतात की तसा एखादा असण्याचा संभव नगण्य. म्हणून तेथे एक औषध पुरते. प्रकट रोगात जंतूंची संख्या कोटींवर जाऊ शकते, आणि तेथे एकटे औषध दुबळ्यांना मारून बलवानांना मोकळे रान देते. म्हणूनच प्रकट रोगात प्रथम दोन महिने चार औषधे आणि नंतर चार महिने तीन औषधे एकत्र देतात.

ह्या भावासारखी माणसे विरळ नाहीत. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत संसर्ग आढळला, आणि जे प्रकट रोगी सापडले त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जण क्ष-किरण नसता तर हुकले असते, कारण त्यांनी सांगितलेल्या लक्षणांत रोगाची चाहूलच नव्हती. सुप्त आणि प्रकट ह्या दोन खोल्यांच्या मध्ये एक ओसरी आहे, असे त्यावरून दिसते. मनुष्य तेथे महिनोन्‌महिने उभा असू शकतो.

आता लोट्याचा ओघही फिरला आहे. परशुराम-लोटे वसाहतीत रासायनिक कारखाने आल्यानंतर इतर प्रांतांतून मजूर येथे येऊन भाड्याच्या खोल्यांतून राहू लागले. त्यांपैकी एखादा खोकू लागला की ‘हा बाहेरून आलेला रोग’ असे म्हणणे गावाला पुन्हा सोपे झाले आहे. त्याच्या खोलीतील साथीदारांची आणि शेजारच्या घरमालकाची छाती एकाच दिवशी तपासली, तर कोणी कोणाला काय दिले हे तेव्हाही ठरणार नाही. कोणाला आज कोणते औषध द्यावयाचे, एवढे मात्र ठरेल.