विजेविना पाणी चढवणारा रॅम पंप : पाइप आणि ठोक्यांचं गणित

ओहोळाला २ मीटर उतार आणि टाकी पंपापासून १२ मीटर उंचावर असेल, तर रॅम पंपात मिनिटाला ३० लिटर पाणी सोडल्यावर साधारण ३ लिटर वर चढतं. बाकीचं वाहून जातं. तरी रात्रंदिवस चालल्यास चार हजार लिटर होतात.

पंपाकडे येणारा पाइप उताराच्या पाचपट, म्हणजे १० मीटर, सव्वा इंची जीआयचा घ्यावा. पीव्हीसी फुगतो अन् धक्का गिळतो. पाइप आखूड असला तर पाण्याला जोर येत नाही.

पाणी बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्वचे ठोके मिनिटाला पन्नासच्या आसपास ठेवावेत. वजन वाढवलं की ठोके मंदावतात, पाणी जास्त लागतं, पण धक्का जोरात बसतो. व्हॉल्व उघडाच राहिला तर वजन जास्त झालं समजावं. सुरुवातीला मिटूनच राहिला तर वरचा पाइप भरेपर्यंत हातानं दाबत राहावं.