छतावरच्या सोलरवरून ओळखा: फोटो आपल्याकडचा की दक्षिण गोलार्धातला?

पावसाळा सुरू झाला, कृष्णा-पंचगंगेचे पाणी वाढू लागले की व्हॉट्सअॅपवर पुराचे फोटो फिरू लागतात. पाण्यात बुडालेली घरे, वर दिसणारी फक्त छपरे आणि खाली "आपल्या भागातला आजचा फोटो" अशी ओळ. इंदूर किंवा बडोद्यात राहणारा माणूस तो फोटो पाहून बेळगाव, चिक्कोडीकडच्या नातेवाइकांना फोन लावतो. फोटोत पाटी नसते, भाषा नसते. गाड्या डाव्या बाजूने चालतात म्हणावे तर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेतही त्या डावीकडूनच चालतात. लाल कौलेही तिकडे असतात. अशा वेळी छतावरचे सोलर पॅनल आणि पाणी तापवायचा सोलर हीटर कामाला येतो. त्यावरून गाव कळत नाही, पण फोटो विषुववृत्ताच्या उत्तरेचा की दक्षिणेचा हे बऱ्याचदा कळते.

पॅनलचे तोंड कुठे असते?

वर्षभराचा हिशेब केला तर भारतात सूर्य जास्त काळ आकाशाच्या दक्षिण बाजूने जातो. म्हणून आपल्याकडे पॅनल दक्षिणेकडे तोंड करून बसवतात. ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत सूर्य उत्तर बाजूने जातो, त्यामुळे तिथे पॅनलचे तोंड उत्तरेला. थोडक्यात, दोन्हीकडे पॅनल विषुववृत्ताकडे पाहतो.

पॅनल किती उभा ठेवायचा हे ढोबळमानाने त्या गावाच्या अक्षांशावर ठरते. बेळगाव आणि पणजी साधारण १५ ते १६ अंशांवर, हैदराबाद १७, इंदूर आणि बडोदा २२ ते २३, तर ग्वाल्हेर २६ अंशांवर आहे. म्हणजे बेळगावचा पॅनल बराच आडवा असतो, ग्वाल्हेरचा थोडा उभा. इथेच पहिली अडचण येते. १५ अंशांचा उतार वरून काढलेल्या फोटोत जवळपास दिसतच नाही. निळा-काळा चौकोन दिसतो, पण त्याची कुठली कड वर आणि कुठली खाली, हे कळत नाही.

हीटरची टाकी म्हणजे बाण

ही अडचण सोलर हीटर सोडवतो. घरगुती हीटरमध्ये बहुधा पंप नसतो. काचेच्या काळ्या नळ्यांत किंवा काचेखालच्या तांब्याच्या प्लेटमध्ये पाणी तापते, हलके होते आणि आपोआप वर चढते. टाकीतले थंड पाणी खाली उतरते. हे फिरणे चालू राहायचे तर टाकी नळ्यांच्या वरच्या टोकालाच हवी. ती खाली ठेवली तर पाणी फिरणारच नाही. ही मिस्त्रीची आवड नाही, हीटर चालण्याची अटच आहे.

म्हणून जिथे टाकी, ती वरची बाजू. टाकीकडून नळ्या ज्या दिशेला उतरतात, त्या दिशेला हीटरचे तोंड. आपल्याकडे टाकी उत्तरेला असते आणि नळ्या दक्षिणेला उतरतात. ऑस्ट्रेलियात टाकी दक्षिणेला आणि प्लेट उत्तरेला उतरते. टाकी पांढरी किंवा चकचकीत, नळ्या काळ्या, त्यामुळे बऱ्याच उंचीवरून काढलेल्या फोटोतही फरक दिसतो. शिवाय गरम पाणी थंडीतच जास्त लागते आणि तेव्हा सूर्य खाली असतो, म्हणून हीटर पॅनलपेक्षा जास्त उभा बसवतात. जमिनीवरून काढलेल्या फोटोतही त्याचा उतार सहज ओळखू येतो.

घरबसल्या पडताळायचे असेल तर गूगल मॅप्सचे सॅटेलाइट दृश्य उघडावे. नकाशा फिरवलेला नसेल तर त्यात उत्तर वर असते. टिळकवाडी किंवा हिंदवाडीतल्या गच्च्या पाहिल्या तर टाकी वरच्या बाजूला आणि काळ्या नळ्या तिच्या खालच्या बाजूला असायला हव्यात. मग ब्रिस्बेन किंवा पर्थमधली वस्ती उघडावी. तिथे चित्र उलटे, टाकी खाली आणि काळी प्लेट वर.

आधी दिशा, मग गोलार्ध

नकाशात उत्तर माहीत असते, फोटोत नसते. आणि दिशा कळल्याशिवाय टाकीचा बाण काहीच सांगत नाही. दिशा शोधायचे दोन भरवशाचे मार्ग आहेत.

पहिला मार्ग नकाशाचा. फोटो ज्या गावाचा म्हणून आला आहे, ते गाव सॅटेलाइट दृश्यात उघडायचे. फोटोतला पूल, नदीचे वळण, चौक तिथे सापडतो का पाहायचे. सापडला तर दिशा मिळाली, आणि सापडलाच नाही तर तीही एक खूणच.

दुसरा मार्ग सूर्याचा. फोटो सकाळचा आहे हे ठाऊक असेल तर सूर्य पूर्वेला. सावली जिकडे पडते त्याच्या बरोबर उलट बाजूला सूर्य असतो. सकाळी सूर्याकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात दक्षिणेला आणि डावा उत्तरेला. संध्याकाळी हेच उलटे, डावा हात दक्षिणेला. मात्र उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही. जूनच्या शेवटी बेळगावात तो पूर्वेपासून सुमारे २४ अंश उत्तरेला सरकलेला असतो. तेवढी सूट ठेवावी.

एक उदाहरण

समजा, सकाळी ९ वाजता एक फोटो आला. खाली लिहिले आहे, "चिक्कोडी तालुका, आज सकाळी ८". ड्रोनने वरून काढलेला फोटो, तपकिरी पाणी, उतरती छपरे. ऊन पडले आहे आणि विजेच्या खांबांच्या लांब सावल्या फोटोत डावीकडे पडल्या आहेत.

सावल्या डावीकडे, म्हणजे सूर्य उजवीकडे. सकाळ असल्याचे मान्य केले तर उजवीकडे पूर्व, आणि मग फोटोची वरची बाजू उत्तर. आता छपरे पाहायची. सात हीटर दिसतात. त्यातल्या सहांची टाकी फोटोच्या खालच्या बाजूला आहे आणि प्लेट वरच्या बाजूला उतरते. एकाचे तोंड आडवे, उजवीकडे. सहा हीटर उत्तरेकडे पाहतात. चिक्कोडीत हे असे असायला नको.

यातून दोनच शक्यता उरतात. एक तर फोटो दक्षिण गोलार्धातला आहे. नाही तर तो संध्याकाळचा आहे. संध्याकाळ असेल तर उजवीकडे पश्चिम येते, वरची बाजू दक्षिण होते, आणि हीटर आपल्याकडच्यासारखेच दक्षिणेला पाहतात. पण मेसेज तर सकाळी ९ ला आला. संध्याकाळचा फोटो असेल तर तो किमान कालचा आहे. म्हणजे "चिक्कोडी" आणि "आज सकाळी ८" या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. फोटो कुठला हे अजून कळलेले नाही, पण खालची ओळ जशी लिहिली आहे तशी चुकीची आहे हे ठरले. पुढचा शोध गूगल लेन्सवर घ्यायचा. तिथे फोटो जुन्या बातमीत सापडला तर प्रश्न मिटला. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातले लिस्मोर शहर पुरात बुडाले होते. तिथली छपरे नुसत्या नजरेला आपल्या कौलारू, पत्र्याच्या वस्त्यांपेक्षा फार वेगळी वाटतीलच असे नाही.

कुठे फसगत होते?

सर्वांत मोठी फसगत उलटवलेल्या फोटोची. काही जण फोटो आरशासारखा उलटवून पुढे पाठवतात. तसे झाले तर डावे-उजवे बदलते आणि वरचा सगळा निष्कर्षही उलटतो. म्हणून आधी गाडीची नंबर प्लेट, दुकानाची पाटी किंवा कपड्यावरची अक्षरे सरळ आहेत का पाहावे. एकही अक्षर नसेल तर सूर्यावरून काढलेल्या दिशेवर विसंबू नये.

दुसरी फसगत दुपारच्या सावलीची. "दुपारी पॅनल सूर्याकडे पाहतो" हा नियम बेळगाव-गोव्यात वर्षभर चालत नाही. इथे मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात शून्य सावली दिवस येतो. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो आणि छोटीशी सावली दक्षिणेला पडते. पॅनल मात्र दक्षिणेकडेच. दुपारी सूर्य दक्षिणेला असतोच असे धरून चालणारा माणूस त्या दिवसांत उत्तरेलाच दक्षिण समजेल आणि आपलाच फोटो परदेशी ठरवेल. ग्वाल्हेरला ही अडचण नाही. ते कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही.

तिसरी गोष्ट छपराची. उतरत्या छपरावर पॅनल छपराच्या उतारालाच बसतो. ऑस्ट्रेलियात सकाळ-संध्याकाळची वीज मिळावी म्हणून पूर्व-पश्चिम उतारांवरही पॅनल लावतात. आपल्याकडे उद्यमबागसारख्या औद्योगिक वसाहतीत शेडच्या पत्र्याला पॅनल चिकटून बसवले असतील तर त्यांचे तोंड पत्र्याच्या उताराकडे असणार. त्यामुळे एका घरावरून निकाल देऊ नये. निदान पाच-सात छते मोजावीत. सपाट गच्चीवर स्टँडवर बसवलेला हीटर सर्वांत भरवशाचा, कारण तिथे बसवणाऱ्याला दिशा निवडता येते.

विषुववृत्ताजवळच्या सिंगापूर, केनियासारख्या ठिकाणी ही पद्धत निरुपयोगी आहे. तिथे पॅनलला उतार देतात तो मुख्यतः पावसाने धूळ धुऊन जावी म्हणून, त्यामुळे तोंड कुठेही असू शकते. आणि पुराच्या दिवसांत बहुतेक वेळा आभाळ भरलेले असते, सावलीच नसते. तेव्हा नकाशाचा मार्ग तेवढा उरतो.

निष्कर्ष कसा लिहावा?

गावाच्या ग्रुपवर उत्तर देताना "हा ऑस्ट्रेलियाचा फोटो आहे" असे लिहू नये, कारण छतावरून देश कळत नाही. ब्राझील, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड इथेही हीटर उत्तरेलाच पाहतात. "सातपैकी सहा हीटरची दिशा सांगितलेल्या जागेशी आणि वेळेशी जुळत नाही, खात्री होईपर्यंत पुढे पाठवू नका" एवढे पुरेसे आहे. आणि दिशा जुळली तरी फोटो खरा ठरत नाही. कोल्हापूर-सांगलीचा २०१९ च्या पुरातला फोटोही या परीक्षेत पास होईल, कारण तोही उत्तर गोलार्धातलाच. तो या वर्षीचा आहे की नाही, हे टाकी सांगू शकत नाही.