मुलांमधील नेफ्रॉटिक सिंड्रोम : घरच्या नोंदवहीतून आजाराची चाहूल

तीन-चार वर्षांचे मूल सकाळी उठते तेव्हा त्याच्या डोळ्यांभोवती सूज दिसते. दुपारपर्यंत ती उतरते, पण संध्याकाळी पायावर मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ खोल उमटलेला असतो. वसंत ऋतूत हे घडले, तर परदेशात पहिला संशय परागकणांच्या ॲलर्जीवर जातो आणि आठवडा-दोन आठवडे ॲलर्जीच्या औषधात निघून जातात. ॲलर्जीत मात्र डोळे लाल होतात, खाजतात, आणि पायांना सूज येत नाही. अशा वेळी लघवीतील प्रथिनांची साधी तपासणी निदानाची दिशा पालटू शकते. ब्रिटनमधील नोंदींनुसार दक्षिण आशियाई वंशाच्या मुलांत नेफ्रॉटिक सिंड्रोम इतर मुलांपेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक आढळतो. त्यामुळे परदेशस्थ मराठी कुटुंबांनी हे नाव ओळखीचे करून घ्यावे.

मूत्रपिंडातील गाळणी रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन एरवी अडवून धरते. या आजारात गाळणीच्या पेशींची वीण सैल होते आणि अल्ब्युमिन लघवीवाटे वाहून जाते. रक्तातील त्याची पातळी घसरते, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि सूज येते. लहान मुलांत बहुधा सूक्ष्मदर्शकाखाली फारसा बिघाड दिसत नाही. म्हणूनच एक ते बारा वर्षांच्या मुलात, इतर काही विपरीत चिन्ह नसल्यास, मूत्रपिंडाचा तुकडा न तपासताच उपचार सुरू करतात. खरी परीक्षा पुढे होते, आणि ती स्टेरॉइडला मिळणाऱ्या प्रतिसादाची असते.

प्रेडनिसोलोनची पहिली मात्रा शरीराच्या पृष्ठफळावर ठरते : दर चौरस मीटरला रोज ६० मिलिग्रॅम, पण कमाल ६०. चार ते सहा आठवड्यांनंतर ती दर चौरस मीटरला ४० मिलिग्रॅमवर आणून तितकेच आठवडे एक दिवसाआड देतात. सुमारे ८५ ते ९० टक्के मुलांची लघवी या काळात प्रथिनमुक्त होते, बहुतेकांची पहिल्या दोन आठवड्यांतच. हा प्रतिसाद मुलाच्या मूत्रपिंडांच्या भवितव्याविषयी कोणत्याही महागड्या तपासणीपेक्षा अधिक सांगून जातो. औषध अधिक काळ चालवले तर आजार उलटणार नाही, असा समज पूर्वी होता. ब्रिटनमधील ‘प्रेडनॉस’ या अभ्यासाने २०१९ मध्ये दाखवले की आठ आठवड्यांऐवजी सोळा आठवडे उपचार केल्याने आजार उलटण्याला आळा बसत नाही. चार-सहा आठवड्यांच्या रोजच्या मात्रेनंतरही प्रथिने थांबली नाहीत, तर आजार स्टेरॉइडला दाद देत नाही असे मानून मूत्रपिंडाचा तुकडा व जनुकीय तपासणी यांकडे वळावे लागते.

स्टेरॉइडला दाद देणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचा आजार पुढे एकदा तरी उलटतो. हे उपचाराचे अपयश नव्हे, आजाराचा स्वभावच तसा आहे. सूज येण्याच्या कित्येक दिवस आधी लघवी ते सांगत असते; म्हणून घरी तपासणीच्या पट्ट्या आणि एक नोंदवही हवी. लघवी सकाळची पहिलीच घ्यावी, कारण दिवसभर उभे राहिल्याने व धावपळीने काही निरोगी मुलांतही किंचित प्रथिने उतरतात. पट्टी बुडवून काढल्यावर डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच रंग जुळवावा; उशिरा पाहिल्यास तो गडद भासतो. डबीचे झाकण उघडे राहिले, तर दमट हवेने पट्ट्या बिघडतात.

समजा, चार वर्षांच्या एका मुलाची उंची १०२ सेंटिमीटर आणि सूज नसतानाचे वजन १६ किलो आहे. ऑक्टोबरमध्ये त्याला सर्दी झाली. नोंदवहीत सोमवारी ‘अंश’, मंगळवारी २+, बुधवारी २+, गुरुवारी १+ आणि शुक्रवारी ‘निरंक’ अशी नोंद आहे. सर्दीतापात प्रथिने अशी तात्पुरती डोकावतात. येथे स्टेरॉइड सुरू करण्याचे कारण नव्हते. नोव्हेंबरमध्ये मात्र सलग तीन सकाळी ३+, ३+, ४+ अशी नोंद झाली. सूज अजून दिसत नव्हती, वजन केवळ ४०० ग्रॅमने वाढले होते. सलग तीन दिवस ३+ किंवा अधिक म्हणजे आजार उलटला, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायला हवा. या मुलाचे पृष्ठफळ सुमारे ०.६७ चौरस मीटर भरते, म्हणून मात्रा ४० मिलिग्रॅम, अर्थात ५ मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, सकाळी न्याहारीनंतर. नवव्या दिवशी ‘अंश’, दहाव्या व अकराव्या दिवशी ‘निरंक’ : सलग तीन दिवस अशी नोंद झाली की आजार शमला. त्यानंतर सुमारे २५ मिलिग्रॅम एक दिवसाआड चार आठवडे.

येथे एक खाचखळगा आहे. काही ठिकाणी मात्रा किलोला २ मिलिग्रॅम या हिशेबाने लिहितात. या मुलासाठी ती ३२ भरते, ४० नव्हे. लहान मुलांत दोन पद्धतींत एवढे अंतर पडते आणि दोन्ही प्रचलित आहेत. सुट्टीत पुण्याला आलेल्या मुलाचा आजार तेथे उलटला, तर नव्या डॉक्टरांना केवळ ‘आठ गोळ्या’ न सांगता गोळीची ताकद, सूज नसतानाचे वजन, उंची आणि आधी किती दिवसांत लघवी स्वच्छ झाली हे नोंदवहीतून दाखवावे. सुजलेल्या शरीराच्या वजनावर मात्रा काढल्यास ती विनाकारण वाढते.

सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन वेळा आजार उलटला, अथवा मात्रा एक दिवसाआड चालू असताना किंवा ती थांबल्यावर पंधरवड्याच्या आत पुन्हा पुन्हा उलटला, तर स्टेरॉइडचा भार कमी करणारी औषधे विचारात घेतात. भारतात सर्रास वापरले जाणारे लेव्हामिसॉल अमेरिकेत मिळत नाही. तेथे मायकोफेनोलेट किंवा टॅक्रोलिमसचा पर्याय पुढे येतो. सर्दी होताच काही दिवस रोज कमी मात्रेत स्टेरॉइड द्यावे, ही सूचनाही अनेकांच्या कानावर येते. ‘प्रेडनॉस २’ या २०२२ च्या ब्रिटिश अभ्यासात तिचा लाभ दिसला नाही, तेव्हा ती आपल्या मनाने अमलात आणू नये.

सूज असताना लोणचे, पापड, शेव व डबाबंद सूप बाजूला ठेवावे. लघवीतून प्रथिने जातात म्हणून अंडी-पनीरचा मारा करण्याने काही साधत नाही. वयाला साजेसा आहार पुरेसा असतो.

काही लक्षणे मात्र पट्टीची वाट पाहू देत नाहीत. सूज असलेल्या मुलाला ताप आणि पोटात तीव्र वेदना असल्यास उदरपोकळीत जंतुसंसर्ग असू शकतो, आणि स्टेरॉइडमुळे ताप दबूनही राहतो. हातपाय गार पडणे, चक्कर, लघवी अगदी कमी होणे म्हणजे सूज दिसत असूनही रक्तवाहिन्यांत द्रव अपुरा पडला आहे. एकाच पायाला वेदनायुक्त सूज किंवा उलट्यांसह तीव्र डोकेदुखी ही रक्ताची गुठळी सुचवते. या तिन्ही प्रसंगी तत्काळ रुग्णालय गाठावे. सूज उतरावी म्हणून घरात उरलेली लघवीची गोळी देणे या अवस्थेत घातक ठरते.

कांजिण्या न झालेल्या व लस न घेतलेल्या मुलाचा स्टेरॉइड चालू असताना कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आला, तर पुरळ येण्याआधीच, शक्यतो ९६ तासांच्या आत, डॉक्टरांना कळवावे. गोवर किंवा कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लसी मोठी मात्रा चालू असेपर्यंत पुढे ढकलतात. न्यूमोकोकसची लस मात्र आवर्जून द्यायची असते. शाळेला याची कल्पना लेखी दिलेली बरी. आणि अनेक आठवडे चाललेले प्रेडनिसोलोन उलट्यांमुळे पोटात टिकत नसेल, तर तो डोस ‘बुडाला’ म्हणून सोडून देऊ नये : शरीराची स्वतःची स्टेरॉइड-निर्मिती त्या काळात मंदावलेली असते आणि मुलाला सुईवाटे औषध द्यावे लागू शकते.