वारगणना, मासान्तर्गत

एखाद्या महिन्यात रविवार किंवा अन्य कोणताही इष्ट वार किती वेळा येतो, हे दिनदर्शिकेची घरे न मोजता, सातने भागून उरणाऱ्या बाकीवरून ठरविण्याची रीत. अठ्ठावीस दिवसांत प्रत्येक वार बरोबर चार वेळा येत असल्याने त्यांवर जितके दिवस उरतील तितकेच वार, तेही महिन्याच्या पहिल्या तारखेच्या वारापासून क्रमाने, पाचव्यांदा येतात. ही बाकी एकतीस दिवसांच्या महिन्यात तीन, तीस दिवसांच्या महिन्यात दोन आणि लीप वर्षाच्या फेब्रुवारीत एक असते. साध्या फेब्रुवारीत ती शून्य असल्यामुळे तेथे कोणताच वार पाचव्यांदा येत नाही.

उदाहरणार्थ, पालघर जिल्हा ठाणे जिल्ह्यातून वेगळा होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. तो शुक्रवार होता. नव्या जिल्ह्याच्या त्या पहिल्याच महिन्यात किती रविवार होते हे काढावयाचे झाल्यास, रविवारास शून्य, सोमवारास एक याप्रमाणे शनिवारास सहापर्यंत अंक द्यावेत आणि इष्ट वाराच्या अंकातून पहिल्या तारखेच्या वाराचा अंक वजा करावा. शून्यातून पाच वजा जाता उणे पाच येतात. बाकी ऋण ठेवावयाची नसल्याने तीत सात मिळवून दोन घ्यावे. हे अंतर महिन्याच्या बाकीहून, म्हणजे येथे तीनाहून, लहान असल्याने रविवार पाच: ३, १०, १७, २४ आणि ३१ तारखेस. सोमवाराचे अंतर मात्र तीन येते, आणि तीन हे तीनाहून लहान नव्हे, म्हणून सोमवार चारच. हजेरीपत्रक अगोदर आखून ठेवणाराची चूक बहुधा याच ठिकाणी होते, कारण तो पहिल्या तारखेपासून एक, दोन असे मोजू लागतो, आणि अंतर शून्यापासून मोजावयाचे असते. ताळा सोपा आहे: पाचदा येणारे तीन वार आणि चारदा येणारे चार वार मिळून पंधरा अधिक सोळा, म्हणजे एकतीस दिवस भरले पाहिजेत.

पाच शुक्रवार, पाच शनिवार आणि पाच रविवार असलेला महिना ८२३ वर्षांनी एकदाच येतो, अशी वदंता पुनःपुन्हा पसरते. ती सर्वथा निराधार आहे. शुक्रवारी सुरू होणारा प्रत्येक एकतीस दिवसांचा महिना असाच असतो, आणि खुद्द ऑगस्टच तसा २००८ मध्ये आला होता व २०२५ मध्ये पुन्हा आला. खरोखर विरळ असतो तो पाच रविवारांचा फेब्रुवारी: २००४ नंतर तो २०३२ मध्ये येईल.

चांद्रमासासही हीच रीत लागू पडते. मात्र तिथींचा क्षय आणि वृद्धी होत असल्याने तेथे तिथी न मोजता सूर्योदयापासूनचे दिवस मोजावे लागतात. महाराष्ट्रातील अमान्त गणनेने २०२४ चा श्रावण सोमवार, ५ ऑगस्ट ते मंगळवार, ३ सप्टेंबर असा तीस दिवसांचा होता. बाकी दोन, आणि आरंभच सोमवारी, म्हणून त्या वर्षी श्रावणी सोमवार पाच आले.