मायक्रोपिपेटचे भारमितीय अंशशोधन

मायक्रोपिपेटचे भारमितीय अंशशोधन म्हणजे पिपेटने सोडलेल्या पाण्याचे वजन करून त्यावरून त्याचे घनफळ काढण्याची आणि ते पिपेटवर लावलेल्या घनफळाशी ताडून पाहण्याची पद्धत होय. दट्ट्याच्या पिपेटांसाठीच्या आयएसओ ८६५५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या सहाव्या भागात ही पद्धत दिलेली आहे. या लेखात हवेच्या स्तंभावर चालणाऱ्या पिपेटांचा विचार केला आहे. या प्रकारात दट्ट्या आणि द्रव यांच्यामध्ये हवेचा थर असतो. दट्ट्या वर सरकला की हवेचा दाब घटतो व द्रव टिपमध्ये चढतो. असा दट्ट्याचा पिपेट हाइनरिश श्निटगर यांनी १९५७ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे तयार केला.

तत्त्व

काही मायक्रोलिटर द्रवाचे घनफळ थेट मोजणे अवघड असते, पण त्याचे वस्तुमान सूक्ष्म तराजूवर सहज मोजता येते. शुद्ध पाण्याची घनता प्रत्येक तापमानाला अचूक माहीत असल्याने वस्तुमानावरून घनफळ काढता येते. मात्र १ मिलिग्रॅम म्हणजे नेमके १ मायक्रोलिटर असे धरून चालत नाही. २५° सेल्सियसला पाण्याची घनता ०.९९७ ग्रॅम प्रति मिलिलिटर असते. शिवाय हवेच्या उत्प्लावनामुळे तराजू पाण्याचे वजन किंचित कमी दाखवतो. या दोन्ही गोष्टींची भरपाई एकाच गुणकाने केली जाते. समुद्रसपाटीच्या दाबाला हा गुणक २०° सेल्सियसला १.००२९ आणि २५° सेल्सियसला १.००४० मायक्रोलिटर प्रति मिलिग्रॅम असतो.

घनफळ = (सरासरी वस्तुमान + बाष्पीभवनाची भरपाई) × गुणक

कृती

पिपेट, टिपा आणि ऊर्ध्वपातित पाणी तराजूच्या खोलीत काही तास आधी ठेवून सर्वांचे तापमान समान होऊ दिले जाते. नवी टिप बसवून तीत पाच वेळा पाणी भरून सोडले जाते, त्यामुळे टिपमधील हवा दमट होते. यानंतर पिपेट उभा धरून टिपचे टोक पाण्यात दोन-तीन मिलिमीटर बुडवले जाते, दट्ट्या सावकाश वर येऊ दिला जातो व क्षणभर थांबून टिप बाहेर काढली जाते. पाणी तराजूवरील भांड्याच्या भिंतीला टिप टेकवून सोडले जाते. अशी दहा वजने घेतली जातात. घनफळ बदलता येणाऱ्या पिपेटसाठी ही मालिका तीन ठिकाणी केली जाते : कमाल घनफळ, त्याचे निम्मे आणि पल्ल्याचा तळ.

वजन करताना भांड्यातील पाणी उडत राहते. त्याची भरपाई करण्यासाठी पिपेटिंगइतकाच वेळ भांडे नुसते ठेवून किती वजन घटते ते पाहिले जाते. घनफळ जितके लहान, तितका हा परिणाम मोठा असतो. एकामागून एक वजने एकाच दिशेने घसरत गेली, तर पिपेटऐवजी आधी बाष्पीभवनाचा किंवा हाताच्या उबेचा संशय घ्यावा.

उदाहरण

समजा २० ते २०० मायक्रोलिटर पल्ल्याचा पिपेट २०० वर लावून २५° सेल्सियसला पुढील वजने मिळाली, मिलिग्रॅममध्ये : १९८.६, १९८.९, १९८.४, १९९.०, १९८.७, १९८.५, १९८.८, १९८.६, १९८.९, १९८.६. यांची सरासरी १९८.७ येते. प्रत्येक वेळचे बाष्पीभवन ०.१ मिलिग्रॅम असेल, तर दुरुस्त वस्तुमान १९८.८ होते. त्याला १.००४० ने गुणल्यावर घनफळ १९९.६ मायक्रोलिटर मिळते.

म्हणजे पद्धतशीर त्रुटी उणे ०.४ मायक्रोलिटर, अर्थात ०.२ टक्के आहे. दहा वजनांचे प्रमाण विचलन सुमारे ०.२ मायक्रोलिटर येते. ही यादृच्छिक त्रुटी होय. २०० मायक्रोलिटरच्या पिपेटसाठी मानकातील मर्यादा अनुक्रमे १.६ आणि ०.६ मायक्रोलिटर असल्याने हा पिपेट या घनफळाला उत्तीर्ण ठरतो. गुणक विसरून वजनालाच घनफळ मानले असते, तर त्रुटी तिप्पट, म्हणजे १.२ मायक्रोलिटर भासली असती आणि चांगला पिपेट विनाकारण बिघडवला गेला असता.

सरासरी ठरावीक अंतराने चुकत असेल पण वजने एकमेकांजवळ असतील, तर पिपेटची जुळवणी बदलून दोष जातो. वजने विखुरलेली असतील, तर जुळवणीचा उपयोग नसतो. अशा वेळी सैल बसलेली टिप, झिजलेले सील किंवा हाताळणीतील असमानता ही कारणे तपासावी लागतात.

पल्ल्याची निवड

आयएसओ ८६५५च्या २००२ च्या आवृत्तीत अनुज्ञेय त्रुटी कमाल घनफळावरून ठरते आणि तीच, मायक्रोलिटरमध्ये, संपूर्ण पल्ल्याला लागू होते. त्यामुळे वरील पिपेटने २० मायक्रोलिटर घेताना १.६ मायक्रोलिटरची त्रुटीही नियमात बसते. पण ती ८ टक्के होते. तेच २० मायक्रोलिटर २ ते २० पल्ल्याच्या पिपेटने घेतल्यास मर्यादा ०.२ मायक्रोलिटर, म्हणजे केवळ १ टक्का असते.

यामागे यांत्रिक कारण आहे. मोठ्या पिपेटमध्ये हवेचा थर मोठा आणि दट्ट्या जाड असतो. लहान घनफळासाठी दट्ट्या अगदी थोडा सरकतो, त्यामुळे यंत्रणेतील किंचित ढिलेपणा किंवा टोकाला राहिलेला लहानसा थेंबही मोठा ठरतो. म्हणून हवे असलेले घनफळ ज्याच्या पल्ल्यात येते असा सर्वांत लहान पिपेट निवडावा. पल्ल्याबाहेर मात्र पिपेट कधीही फिरवू नये.

श्यान द्रव आणि उलट पिपेटिंग

पाण्याने केलेले अंशशोधन ग्लिसरॉलसारख्या श्यान द्रवाला जसेच्या तसे लागू होत नाही. नेहमीच्या पद्धतीत दट्ट्या पहिल्या थांब्यापर्यंत दाबून द्रव घेतला जातो आणि दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून सगळा सोडला जातो. श्यान द्रवाचा पातळ थर टिपच्या भिंतीला चिकटून राहतो व तेवढा द्रव कमी पडतो.

उलट पिपेटिंगमध्ये दट्ट्या प्रथम दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून जादा द्रव घेतला जातो. सोडताना मात्र पहिल्या थांब्यावरच थांबले जाते. भिंतीला चिकटणारा द्रव या जादा भागातून जातो. टिपमध्ये उरलेला द्रव टाकून दिला जातो. दोन्ही वेळा दट्ट्या सावकाश हलवून, द्रवाची पातळी स्थिर होईपर्यंत काही सेकंद थांबणे आवश्यक असते. घाई केल्यास टिपमध्ये हवेचा बुडबुडा शिरतो.

याची पडताळणीही वजनानेच करता येते. वस्तुमानाने ५० टक्के ग्लिसरॉलच्या द्रावणाची घनता २०° सेल्सियसला सुमारे १.१२६ ग्रॅम प्रति मिलिलिटर असते. म्हणून १०० मायक्रोलिटरचे वजन सुमारे ११२.५ मिलिग्रॅम भरायला हवे. नेहमीच्या पद्धतीने सरासरी १०९.८ आणि उलट पद्धतीने ११२.३ मिलिग्रॅम मिळाले, तर पहिल्या पद्धतीत सुमारे अडीच टक्के द्रव टिपमध्येच राहिला असे समजावे.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. पिपेटची जुळवणी सामान्यतः नेहमीच्या पद्धतीवर केलेली असल्याने पाण्यासारखा द्रव उलट पद्धतीने घेतल्यास तो किंचित जास्त पडू शकतो. प्रत्येक वेळी काही द्रव वाया जातो, त्यामुळे महागड्या विकरांसाठी ती खर्चिक ठरते. कमाल घनफळाला जादा द्रव टिपच्या गाळणीपर्यंत पोहोचू शकतो. शुद्ध ग्लिसरॉलइतक्या दाट द्रवासाठी दट्ट्या थेट द्रवाला टेकणारा, हवेचा थर नसलेला पिपेट वापरणे किंवा द्रव सरळ वजनाने घेणे अधिक खात्रीचे असते.