ग्राहक-प्रवास नकाशा : पहिली ऑनलाइन किराणा खरेदी

ग्राहकाचा सेवेशी जिथे जिथे संबंध येतो ते संपर्कबिंदू, त्या वेळची त्याची भावना आणि अडचण क्रमाने मांडणारा तक्ता. आडवे टप्पे, त्यांखाली कृती व संपर्कबिंदू आणि सर्वांत खाली मनःस्थितीचे चढउतार दाखवणारी रेघ, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते.

उदाहरणादाखल, महिन्याचा किराणा पहिल्यांदाच ॲपवरून मागवणारी पुण्यातील गृहिणी घेऊ. सवलतीची जाहिरात आणि ओटीपी टाकून नोंदणी इथपर्यंत रेघ वर जाते. तूरडाळ, पोहे, गूळ, कोथिंबीर टोपलीत पडतात. पैसे भरण्याच्या पडद्यावर घरपोच शुल्क अचानक दिसते आणि रेघ पहिल्यांदा खाली येते. अनेक टोपल्या इथेच सोडल्या जातात. ॲपच्या नोंदींतून सोडल्याची जागा कळते, कारण मात्र ग्राहकाशी बोलूनच कळते.

खरी घसरण दारात होते. कोथिंबीर पिवळी पडलेली, नेहमीच्या तूरडाळीऐवजी दुसऱ्याच कंपनीची पिशवी. पर्यायी वस्तू चालेल का, हे तिला कोणी विचारलेलेच नसते. राग डिलिव्हरी करणाऱ्या मुलावर निघतो, पण चूक गोदामात सामान भरताना झालेली असते. म्हणून नकाशावर अडचण दारातल्या टप्प्यात नोंदवून तिचे मूळ मागच्या टप्प्याशी जोडावे लागते. हे जोडले नाही, तर कंपनी मुलाला सौजन्य शिकवत बसते आणि डाळ बदलतच राहते.

एक नकाशा एकाच प्रकारच्या ग्राहकाचा असतो. दारात रोख पैसे देणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाची रेघ वेगळी निघते.